एका पुतळ्याच्या दोन वर्गण्या

न्यूयॉर्कच्या बंदरात एका लहानशा बेटावर हातातील मशाल उंचावून उभी असलेली स्वातंत्र्यदेवता आपणांपैकी बहुतेकांनी चित्रांत पाहिली असेल. या पुतळ्यासाठी अमेरिकेत दोनदा सामान्य माणसांकडून पैसापैसा गोळा करण्यात आला. पहिल्यांदा १८८५ साली, त्याला पायथा बांधून उभे करण्यासाठी. दुसऱ्यांदा १९८३ साली, त्याची डागडुजी करण्यासाठी. पहिली वर्गणी एका वर्तमानपत्राने गोळा केली, दुसरी एका मोठ्या व्यापारी कंपनीने. दोन्ही वेळा गोळा करणाराचाही फायदा झाला. तरीही या दोन वर्गण्यांत जो फरक आहे तोच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

कारण त्या दुसऱ्या वर्गणीपासून एक नवी रीत जगभर रूढ झाली आणि ती आता आपल्या गावच्या किराणा दुकानापर्यंत येऊन पोहोचली आहे. साबणाच्या वडीवर किंवा चहाच्या पुड्यावर छापलेले असते की, यातील अमुक पैसे मुलांच्या शिक्षणासाठी जातील. कंपनी आणि सेवाभावी संस्था यांच्यात करार होतो. माल जितका खपेल तितकी देणगी संस्थेला मिळते. इंग्रजीत याला 'कॉज-रिलेटेड मार्केटिंग' म्हणतात. आपण त्याला सत्कार्याला जोडलेली विक्री म्हणू. कामगार संघटनेच्या कामात आमचे अर्धे आयुष्य वर्गणी गोळा करण्यात आणि उरलेले अर्धे तिचा हिशेब देण्यात गेले. त्यामुळे कोणी वर्गणीचा डबा पुढे केला की आमची नजर डब्यावरच्या चित्राकडे न जाता त्याच्या कुलुपाकडे आणि पावतीपुस्तकाकडे जाते. या विषयाकडेही आम्ही त्याच नजरेने पाहणार आहोत.

प्रथम पहिली वर्गणी पाहू. पुतळा ही फ्रान्समधील जनतेने अमेरिकेतील जनतेला दिलेली भेट होती. बार्तोल्दी या शिल्पकाराने तो घडविला. आतील लोखंडी सांगाडा आयफेलने उभारला, ज्याचा पॅरिसमधील मनोरा पुढे प्रसिद्ध झाला. ठरले असे होते की, पुतळ्याचा खर्च फ्रेंच लोकांनी करावा आणि पायथ्याचा अमेरिकनांनी. फ्रेंचांनी आपला शब्द पाळला. अमेरिकेत मात्र पायथा अर्ध्यावर असतानाच पैसा संपला. न्यूयॉर्क राज्याने मदत द्यावी असा ठराव झाला, तर गव्हर्नर क्लीव्हलंड यांनी १८८४ साली तो नामंजूर केला. वॉशिंग्टनच्या काँग्रेसकडूनही काही निघाले नाही. श्रीमंत मंडळींनी हात आखडता घेतला. आणखी एक लाख डॉलर हवे होते.

त्या वेळी जोसेफ पुलित्झर हे पुढे आले. हंगेरीतून रिकाम्या हाताने आलेला हा माणूस १८८३ साली न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' या वर्तमानपत्राचा मालक झाला होता. मार्च १८८५ मध्ये त्यांनी आपल्या पत्रातून आवाहन केले की, हा पुतळा फ्रान्समधील श्रीमंतांनी इथल्या श्रीमंतांना दिलेला नाही, तेव्हा त्याचा पायथाही सामान्यांनीच बांधावा. आणि रक्कम कितीही लहान असो, देणाराचे नाव पत्रात छापले जाईल. हे वचन त्यांनी पाळले. रोज नावांच्या याद्या छापून येऊ लागल्या. मुलांनी खाऊचे पैसे पाठविले, कामगारांनी मजुरीतले पाठविले, आणि त्यांची पत्रेही छापली गेली. जूनमध्ये पुतळ्याचे सुटे भाग दोनशेहून अधिक पेट्यांत भरून जहाजाने येऊन पडले. ऑगस्टमध्ये लाखाचा आकडा पुरा झाला. देणारांची संख्या एक लाखाच्या वर होती आणि बहुतेकांची देणगी एक डॉलरपेक्षाही कमी होती. २८ ऑक्टोबर १८८६ रोजी पुतळ्याचे अनावरण झाले.

आता हेही सांगितले पाहिजे की, पुलित्झर काही संन्यासी नव्हते. ज्याने दहा सेंट पाठविले तो आपले नाव पाहण्यासाठी दोन सेंटांचा अंक विकत घेणार, शेजाऱ्याला दाखविणार, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्या पाच महिन्यांत 'वर्ल्ड'चा खप हजारोंनी वाढला. म्हणजे सत्कार्य आणि धंदा यांची सांगड १९८३ साली प्रथमच घातली गेली असे नाही. आमच्या मते यात लाज वाटण्यासारखे काही नव्हते, आणि का नव्हते ते लक्षात घ्यावे. पैसा देणाराचा होता, तो देणाराच्या नावावर जमा झाला, आणि त्याची पावती साऱ्या गावासमोर छापली गेली. अंक विकत घेतला नाही तरी देणगी देता येत होती. आणि अंक कितीही खपले, तरी पुलित्झर कोणाला असे सांगत नव्हते की, अंक घेतलास म्हणजेच तू दान केलेस.

आपल्याकडील श्रोत्यांना येथे तळेगावच्या काचकारखान्याची आठवण होईल. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडातून तो उभा राहिला. माणशी एक पैसा मागायचा ही कल्पना न्यूयॉर्कच्या कल्पनेहून वेगळी नव्हती. दात्याकडून लहान रक्कम, पण ती त्याची स्वतःची.

यानंतर जवळजवळ शंभर वर्षे गेली. समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्याने पुतळ्याच्या आतील लोखंडी पट्ट्या गंजल्या. पत्रा तांब्याचा आणि आधार लोखंडाचा. दोन धातू ओलाव्यात एकमेकांना लागून राहिले की लोखंड झपाट्याने झिजते. मूळ बांधणीत त्यांच्यामध्ये जो थर घातला होता तो केव्हाच कुजून गेला होता. मशालीतून पाणी गळत होते. लोखंडी पट्ट्या काढून त्या जागी न गंजणाऱ्या पोलादाच्या घालावयाच्या आणि मशाल नवी करावयाची, असे काम निघाले. शेजारच्या एलिस बेटावर, जेथे बोटींतून आलेल्या लक्षावधी परदेशी मजुरांची एके काळी तपासणी होत असे, तेथील पडक्या इमारतीही दुरुस्त करायच्या होत्या. अध्यक्ष रेगन यांच्या सरकारचे धोरण असे की, सरकारी खर्च कमी करावा आणि अशी कामे खासगी देणग्यांतून व्हावीत. १९८२ साली त्यांनी एक सल्लागार मंडळ नेमले आणि क्रायस्लर मोटार कंपनीचे प्रमुख ली आयकोका यांना त्याचे अध्यक्ष केले. देणग्या गोळा करण्यासाठी जो स्वतंत्र निधी स्थापन झाला त्याचेही अध्यक्ष आयकोकाच होते. हा मुद्दा पुढे कामाला येईल.

या निधीसाठी अमेरिकन एक्स्प्रेस ही कंपनी पुढे आली. तिचा धंदा कार्डाचा. आज आपल्याकडेही कार्ड सर्वांना ठाऊक आहे, तरी कमाई कोठून होते ते थोडक्यात सांगतो. कार्डधारक दुकानात कार्ड दाखवून माल घेतो. कंपनी दुकानदाराला पैसे देते, पण त्यातून आपली दलाली कापून घेते. महिन्याच्या शेवटी कार्डधारक कंपनीचे देणे फेडतो. शिवाय कार्ड बाळगण्याची वार्षिक फी असते. म्हणजे कार्ड जितक्या वेळा वापरले जाईल तितक्या वेळा दलाली, आणि जितकी नवी कार्डे तितकी फी. खिशात कार्ड असूनही लोक रोख पैसे देतात, किंवा दुसऱ्याच कंपनीचे कार्ड काढतात, ही तिची अडचण होती.

१९८१ साली सॅन फ्रान्सिस्कोमधील एका कलामहोत्सवासाठी कंपनीने एक प्रयोग करून पाहिला होता. कार्ड वापरले की काही सेंट महोत्सवाला. कार्डांचा वापर वाढला आणि महोत्सवालाही पैसे मिळाले. हाच प्रयोग तिने १९८३ सालच्या अखेरच्या तीन महिन्यांत साऱ्या देशभर केला. कार्डावर केलेल्या प्रत्येक खरेदीमागे एक सेंट आणि प्रत्येक नव्या कार्डामागे एक डॉलर पुतळ्याच्या निधीला द्यायचा, असे जाहीर झाले. कंपनीतील जेरी वेल्श हे या योजनेचे सूत्रधार होते. तीन महिन्यांच्या शेवटी निधीला सतरा लाख डॉलर मिळाले. कार्डांचा वापर आदल्या वर्षीच्या मानाने २८ टक्क्यांनी वाढल्याचे सांगण्यात आले, आणि नव्या कार्डांसाठी येणारे अर्जही बरेच वाढले. ही गोष्ट कंपनीला इतकी फलदायी वाटली की, 'कॉज-रिलेटेड मार्केटिंग' हे शब्दच तिने आपल्या नावावर नोंदवून घेतले.

आता हिशेबाला बसू. समजा, एका खरेदीची रक्कम सरासरी पन्नास डॉलर आहे आणि कंपनीची दलाली शेकडा तीन आहे. हे आकडे आम्ही सोयीसाठी धरले आहेत. ते थोडे कमीजास्त केले तरी निष्कर्ष बदलत नाही. एका खरेदीमागे कंपनीला दीड डॉलर मिळतो. पूर्वी शंभर वेळा कार्ड वापरले जात होते, आता एकशे अठ्ठावीस वेळा वापरले गेले. देणगी किती? एकशे अठ्ठावीस सेंट, म्हणजे सव्वा डॉलरच्या थोडी वर. वाढीव अठ्ठावीस खरेद्यांची दलाली किती? बेचाळीस डॉलर. या बेचाळीसमधून कंपनीचा इतर खर्च, बुडीत रकमा, जाहिराती हे सारे जायचे असते, हे खरे. तरी सव्वा आणि बेचाळीस हे प्रमाण ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

दुसरा हिशेब ग्राहकाच्या बाजूने करू. पुतळ्याला एक डॉलर द्यावा असे एखाद्याच्या मनात आले, तर एक सेंटाच्या दराने त्याला शंभर वेळा खरेदी करावी लागेल. पन्नास डॉलरच्या सरासरीने पाच हजार डॉलर खर्च झाले तेव्हा कोठे एक डॉलर पुतळ्याला पोहोचला. १८८५ साली हाच डॉलर पाकिटात घालून पाठविता येत होता, आणि नाव छापून येत होते. १९८३ साली नाव कोठेच आले नाही, कारण ती देणगी ग्राहकाची नव्हतीच. कायद्याने ती कंपनीची देणगी होती. ग्राहकाला तिच्यावर करात सवलतही मिळण्यासारखी नव्हती. पहिल्या वर्गणीत माणूस दाता होता, दुसऱ्या वर्गणीत तो निमित्त झाला.

तिसरा हिशेब जाहिरातीचा. या मोहिमेच्या जाहिरातींवर कंपनीने जो पैसा खर्च केला तो देणगीच्या दुपटीहून अधिक होता. टीकाकारांनी नेमके येथेच बोट ठेवले. एक रुपयाचे दान करायचे आणि ते केले हे सांगण्यासाठी दोन रुपयांचा ताशा वाजवायचा, याला दान कसे म्हणावे? कंपनीचे उत्तर सरळ होते. तिने याला दान म्हटलेच नव्हते. कंपनीचा धर्मादाय खर्च वेगळा होता. ही रक्कम विक्री वाढविण्याच्या खात्यातून आली होती, आणि ती तशी आली म्हणूनच एवढी मोठी होती. हे उत्तर आम्हांला प्रामाणिक वाटते. कारखानदार कोणत्या खात्यातून पैसे काढतो यावरून त्याचा हेतू कळतो, हे आम्ही पगाराच्या वाटाघाटींत अनेकदा पाहिले आहे. अडचण एवढीच की, खातेवहीत ही नोंद विक्रीखर्चाची, आणि जाहिरातीत मात्र देशभक्तीची. लोकांना ढोंग वाटते ते याच ठिकाणी. व्यापाऱ्याने नफा मिळविला म्हणून लोक रागावत नाहीत. तो त्यासाठीच बसला आहे हे सर्वांना माहीत असते. नफ्याचा व्यवहार त्यागाच्या भाषेत सांगितला गेला की त्यांना राग येतो.

तथापि संस्थेच्या बाजूने न्याय केला पाहिजे. सतरा लाख डॉलर ही तिला मिळालेली खरी रक्कम होती. पुढे निधीकडे सर्व मार्गांनी मिळून तीस कोटींहून अधिक डॉलर जमले, त्यामानाने ती शेकडा एकाहूनही कमी. परंतु ती आरंभीच आली. शिवाय देशभर वर्तमानपत्रांत आणि दूरदर्शनवर तीन महिने पुतळ्याचे नाव गाजले, ते निधीला स्वतःच्या पैशाने कधीच गाजविता आले नसते. ज्यांनी कार्ड हातातही धरले नव्हते अशांनाही कळले की, पुतळा गंजला आहे आणि पैसे हवे आहेत. १९८६ सालच्या जुलैत पुतळा पुन्हा लोकांसाठी खुला झाला. ज्या संस्थेजवळ काम आहे पण आवाज नाही, तिला कंपनीची जाहिरात म्हणजे उसना मिळालेला आवाज असतो. हा लाभ लहान नाही.

एक सावधगिरी मात्र आकडे वाचताना बाळगावी. त्या २८ टक्क्यांची सारी वाढ पुतळ्यामुळेच झाली असे समजू नये. १९८१-८२ सालची मंदी ओसरून १९८३ मध्ये अमेरिकेत खरेदी एकूणच वाढू लागली होती. आणि मोहीम नाताळच्या हंगामात होती. आदल्या वर्षीच्या नाताळाशी तुलना केल्याने हंगामाचा भाग वजा होतो, पण तेजीचा होत नाही. आमच्याकडे एखादा व्यवस्थापक नवे यंत्र आणल्यावर उत्पादन वाढल्याचे सांगतो तेव्हा आम्ही विचारतो की, शेजारच्या खात्यात, जेथे यंत्र आणले नाही, तेथे किती वाढले? येथेही तोच प्रश्न विचारायला हवा.

आता आयकोका यांच्या दोन खुर्च्यांकडे येऊ. निधीने पुढे अनेक कंपन्यांना पुतळ्याचे अधिकृत पुरस्कर्ते म्हणून मिरविण्याचे हक्क मोठ्या रकमांना दिले. १९८५ सालच्या नोव्हेंबरात 'द नेशन' या साप्ताहिकाने या साऱ्या व्यवहारावर कडक टीका करणारा लेख छापला. राष्ट्राची वस्तू बाजारात मांडली गेली आहे, असा त्याचा सूर होता. फेब्रुवारी १९८६ मध्ये अंतर्गत खात्याचे मंत्री डोनाल्ड होडेल यांनी आयकोका यांना सल्लागार मंडळावरून दूर केले. पैसा गोळा करणाऱ्या निधीचे प्रमुखपद आणि तो कसा खर्चावा याचा सल्ला देणाऱ्या मंडळाचे प्रमुखपद एकाच माणसाकडे असू नये, असे कारण त्यांनी दिले. निधीचे अध्यक्षपद आयकोकांकडे राहिले. त्यांनी पैसा खाल्ला असे कोणी सिद्ध केले नाही, आणि आम्हीही तसे सुचवीत नाही. पण खजिनदारानेच हिशेबतपासनीस होऊ नये, हा नियम माणूस चोर आहे म्हणून केलेला नसतो. माणूस सज्जन असतानाही लोकांना तसे वाटत राहावे म्हणून तो असतो.

अमेरिकन एक्स्प्रेसने पुढे स्वतःची रीत सुधारली असे म्हणता येईल. १९९३ पासून चार वर्षे तिने भुकेल्यांसाठी काम करणाऱ्या 'शेअर अवर स्ट्रेंथ' या संस्थेशी करार केला. वर्षाच्या शेवटच्या दोन महिन्यांत प्रत्येक खरेदीमागे तीन सेंट, वर्षाकाठी पन्नास लाख डॉलरपर्यंत. चार वर्षांत दोन कोटी दहा लाखांहून अधिक डॉलर संस्थेला मिळाले. दर वाढला होता, आणि एकाच संस्थेशी वर्षानुवर्षे संबंध टिकला होता. कंपनी एका हंगामापुरती येऊन निघून गेली नाही की संस्थेला पुढच्या वर्षीच्या कामाची आखणी करता येते. लोकांचा विश्वासही अशाच संबंधावर बसतो.

परंतु 'पन्नास लाखांपर्यंत' हे शब्द विसरू नका. जवळजवळ प्रत्येक करारात अशी वरची मर्यादा असते. कंपनीच्या दृष्टीने ते रास्तच आहे. किती खप होईल ते आधी कळत नाही आणि तिला आपले अंदाजपत्रक बांधायचे असते. बिघडते ते मर्यादा झाकली गेल्यामुळे. १९९९ साली जॉर्जिया राज्यात असे एक प्रकरण झाले. योप्ले नावाच्या दह्याच्या डब्यांची झाकणे धुऊन परत पाठवा, प्रत्येक झाकणामागे पन्नास सेंट स्तनाच्या कर्करोगावरील संशोधनाला देऊ, अशी योजना होती. लोकांनी नव्वद लाखांहून अधिक झाकणे पाठविली. जाहीर दराने त्याचे पंचेचाळीस लाख डॉलर होतात. पण करारात मर्यादा होती एक लाख डॉलर. म्हणजे पहिली दोन लाख झाकणे मोजली गेली. त्यानंतर आलेल्या एकाही झाकणाने संशोधनाला एक सेंटही वाढवून मिळाला नाही. राज्याच्या ॲटर्नी जनरलने चौकशी केली, आणि कंपनीने त्या राज्यातील ग्राहकांच्या वाट्याची म्हणून आणखी रक्कम देऊन प्रकरण मिटविले. झाकणे धुऊन, पाकिटात घालून, तिकीट लावून पाठविणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणींनी घरातले आजारपण पाहिलेले असणार. त्यांच्या श्रमाचे मोल टपालखर्चाइतकेही उरले नाही.

आणखी एक प्रकरण निराळ्या जातीचे आहे. २०१० साली केएफसी या कोंबडीच्या तळलेल्या पदार्थांच्या दुकानांनी गुलाबी रंगाच्या बादल्यांतून माल विकला. बादलीमागे पन्नास सेंट स्तनाच्या कर्करोगावर काम करणाऱ्या कोमेन या संस्थेला. संस्थेला बेचाळीस लाख डॉलर मिळाले. ही रक्कम मोठी होती. टीकाही तेवढीच मोठी झाली. तेलात तळलेले खाऊन वजन वाढवायचे आणि त्याच पैशातून रोगाशी लढायचे, हे लोकांच्या गळी उतरेना. शिवाय पन्नास सेंट हे दुकानचालक बादल्या मागवीत त्या संख्येवर दिले जात. गिऱ्हाइकाने बादली घेतली म्हणून देणगी थेट वाढत नव्हती, आणि तसे बारीक अक्षरांत लिहिलेही होते. येथे तोटा कोणाचा झाला? दुकानाचा फारसा नाही. ते कोंबडीच विकत होते. संस्थेचा झाला. आरोग्याच्या बाबतीत तिचा शब्द हेच तिचे भांडवल, आणि ते तिने भाड्याने दिल्यासारखे दिसले. कंपनीजवळ माल असतो, म्हणून चूक झाली तर ती दुसरा माल विकते. संस्थेजवळ केवळ नाव असते. म्हणून करार करताना अधिक सावध राहण्याची गरज कंपनीपेक्षा संस्थेला आहे.

यापलीकडचा एक परिणाम डोळ्यांना दिसत नाही. मिशिगन विद्यापीठातील अराधना कृष्णा यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या अभ्यासात दाखविले की, सत्कार्याला जोडलेली वस्तू विकत घेतल्यावर माणसे पुढे स्वतः देणगी द्यायची ती कमी देतात. वस्तू घेतली, म्हणजे आपला वाटा दिला, असे मनाला वाटते. तसे असेल तर दोन रुपये डब्यात पडताना दिसतात, आणि जे पाच रुपये एरवी थेट आले असते ते न आलेले कोणाला दिसत नाहीत.

आपल्या देशाच्या कायद्याने या प्रश्नाला एका बाजूने हात घातला आहे. २०१३ सालच्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानुसार मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची आहे. आता कोणी म्हणेल, आमच्या साबणाच्या वडीवर छापलेले पन्नास पैसे त्यातच धरा. २०२१ सालच्या जानेवारीत दुरुस्त झालेल्या नियमांनी हे दार बंद केले. आपल्या मालाची किंवा सेवेची प्रसिद्धी व्हावी म्हणून पुरस्कर्ता होऊन केलेला खर्च या दोन टक्क्यांत धरता येत नाही. अमेरिकेतील कंपनीने १९८३ साली जे खातेवहीत मान्य केले होते, ते येथे नियमात आले. विक्रीचा खर्च तो विक्रीचा, आणि कर्तव्याचा तो कर्तव्याचा. कंपनीने दोन्ही करावेत. पण एकच रुपया दोन्हीकडे दाखवू नये. याच नियमांनी केवळ स्वतःच्या कामगारांच्या लाभासाठी केलेला खर्चही या दोन टक्क्यांतून वगळला आहे, आणि कामगारांच्या बाजूचे असूनही आम्हांला ते योग्यच वाटते. कामगाराचे जे देणे आहे ते त्याचा हक्क म्हणून द्यावे, धर्मादाय म्हणून नव्हे.

तेव्हा पुड्यावर अशी ओळ दिसली तर ती कशी वाचावी? 'नफ्याचा काही भाग' असे लिहिले असेल तर काहीच लिहिलेले नाही असे समजावे, कारण 'काही' म्हणजे किती हे कंपनीलाही सांगता येणार नाही. अमुक पुड्यामागे अमुक पैसे, असे असले पाहिजे. त्यानंतर मर्यादा पाहावी. वरची मर्यादा किती, आणि खप झालाच नाही तरी संस्थेला मिळेल अशी खालची रक्कम किती? खालची रक्कम ठरलेली असेल, तर कंपनी स्वतःही काही जोखीम घेते आहे असे म्हणता येते. संस्थेचे पूर्ण नाव आणि योजनेच्या तारखा असाव्यात. 'गरजू मुलांसाठी' हे संस्थेचे नाव नव्हे. आणि शेवटी, योजना संपल्यावर किती पुडे खपले आणि किती रुपये पोहोचले हे दोघांनीही प्रसिद्ध केले का, ते पाहावे. कंपनीचा आकडा आणि संस्थेच्या वार्षिक अहवालातील जमेचा आकडा जुळला, की त्या व्यवहारात ढोंग शोधत बसण्याचे कारण नाही. कंपनीने त्यातून नफा मिळविला असेल, खुशाल मिळवावा.

यांतील एकही माहिती छापणे कठीण नाही. १८८५ साली लाखाहून अधिक नावे खिळे जुळवून छापली गेली, आणि त्यात दहा सेंट देणारेही सुटले नाहीत. आज त्याच्या शतांश श्रमात चार आकडे छापता येतात. ज्या पुड्यावर ते छापलेले नसतील तो पुडा घ्यायचा असेल तर मालासाठी घ्यावा, आणि देणगी द्यायची असेल तर ती वेगळी, आपल्या हाताने देऊन पावती मागून घ्यावी.